स्लीव्हलेसमधल्या फोटोत हातावरचे केस उठून दिसतात? त्वचा ‘प्लास्टिक’ न करता ते कमी कसे करायचे

फोटो छान आलेला असतो. चेहरा नीट, हसू नीट, मागचे आकाशही सुरेख. मग कोणीतरी दोन बोटांनी फोटो मोठा करते आणि नजर थेट हातावर जाते. स्लीव्हलेस कुर्त्यातून किंवा ब्लाउजमधून दिसणाऱ्या हातावरचे केस प्रत्यक्षात कोणाच्या डोळ्यांत आलेले नसतात, फोटोत मात्र ते उठून दिसतात. त्यावर बहुतेक जण ब्युटी फिल्टर लावतात किंवा हातावर ब्लर फिरवतात. केस जातात, पण त्यांच्याबरोबर त्वचाही जाते आणि हात दुकानातल्या पुतळ्याचा वाटू लागतो.

केस पुसून टाकण्याऐवजी केस आणि त्वचा यांच्यातला फरक कमी करणे हा यावरचा खरा उपाय आहे. त्यातले निम्मे काम फोटो काढतानाच होते. उरलेले काम मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांत करता येते. कसे, ते एका उदाहरणातून पाहू.

गच्चीवरचा एक फोटो

समजा, डिसेंबरची संध्याकाळ आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका इमारतीच्या गच्चीत दोघी बहिणी उभ्या आहेत. धाकटीने गडद हिरवा स्लीव्हलेस कुर्ता घातला आहे, थोरली मोबाइलवर फोटो काढते आहे. साडेपाच वाजले आहेत. धाकटी कठड्याला टेकून उभी आहे आणि तिच्या पाठीमागे धरणाच्या बाजूचे केशरी आकाश आहे.

फोटो पाहिल्यावर धाकटी म्हणते, “ताई, हात बघ ना कसा दिसतोय!” कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या कडेला सोनेरी तंतूंची झालर दिसते आहे आणि हाताच्या वरच्या बाजूला काळ्या रेघा. समोर उभ्या असलेल्या ताईला मात्र यातले काहीच जाणवले नव्हते.

डोळ्याला दिसले नाही, ते फोटोत कसे आले?

याला दोन कारणे आहेत. पहिले कारण उजेडाची दिशा. गंगापूर रोड अशोक स्तंभाकडून गंगापूर धरणाच्या दिशेने, म्हणजे ढोबळमानाने पश्चिमेकडे जातो. संध्याकाळी धरणाच्या बाजूचे आकाश मागे घेऊन उभे राहिले की सूर्य पाठीमागे येतो. मागून येणारा उजेड हाताच्या कडेच्या प्रत्येक केसाला उजळवतो. मागे सावलीतली भिंत किंवा झाडे असतील, तर ते केस आणखी चमकतात. बाजूने येणारे तिरपे ऊन वेगळा घोळ घालते. त्यात प्रत्येक केसाची बारीक सावली त्वचेवर पडते आणि एका केसाच्या जागी दोन रेघा दिसतात, एक केसाची आणि एक सावलीची.

दुसरे कारण मोबाइल स्वतः आहे. हातावरच्या केसाची जाडी 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते. कमरेपर्यंतच्या उभ्या फोटोत साधारण एक मीटर उंचीचा भाग येतो. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत त्या उंचीसाठी 4000 पिक्सेल असतात, म्हणजे एका मिलिमीटरला चार. या हिशेबाने केस एका पिक्सेलच्या पाचव्या भागाएवढाच ठरतो. तरीही तो दिसतो, कारण तो ज्या पिक्सेलवर पडतो तो पिक्सेल किंचित गडद होतो आणि फोटो सेव्ह करताना मोबाइल आपणहून कडा धारदार करतो. त्या धारेमुळे पुसट रेघ ठळक होते.

याच हिशेबातून एक सोयीची गोष्ट निघते. डोक्यापासून पायापर्यंतच्या फोटोत एका मिलिमीटरच्या वाट्याला जेमतेम दोन पिक्सेल येतात. असा फोटो फक्त मोबाइलवर पाहिला जाणार असेल, तर बहुतेक वेळा हाताला काही करावेच लागत नाही. मेहनत घ्यायची ती कमरेपर्यंतच्या आणि जवळून काढलेल्या फोटोंवर.

आधी पुन्हा फोटो काढून पाहा

ऊन अजून असेल, तर एडिटिंगकडे वळण्याआधी जागा बदला. गच्चीवरच्या धाकटीने कठडा सोडून अर्धवट वळायचे, म्हणजे सूर्य पाठीमागे न राहता समोरून, एका बाजूला येईल. डिसेंबरमध्ये नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मावळतीला तो थोडा दक्षिणेकडे झुकलेला असतो. धरणाकडे तोंड करून उभे राहिले, तर उजेड डावीकडून समोरून येतो. चेहरा आणि हात दोन्ही उजळतात, केसांच्या सावल्या केसांच्या मागे लपतात. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि उत्तरेकडे झुकलेला असतो. तेव्हा हाच उजेड उजवीकडून येईल.

मागे केशरी आकाशच हवे असेल, तर सूर्य बुडाल्यानंतरची दहा मिनिटे थांबा. आकाशाचा रंग राहतो, पण थेट किरण नसल्यामुळे झालर विझते. दिवसा फोटो काढायचा असेल, तर इमारतीच्या सावलीत, समोर पांढरी भिंत येईल असे उभे राहा. भिंतीवरून परतणारा उजेड मऊ असतो आणि त्यात केसांची सावली जवळजवळ पडत नाही.

मोबाइल धरणाऱ्या ताईने दोन पावले मागे जाऊन 2x वर फोटो काढावा. अगदी जवळून 1x वर काढले, की कॅमेऱ्याकडचा हात चेहऱ्याच्या मानाने मोठा दिसतो आणि त्यावरचे केसही. फोटो काढताना ब्युटी मोड बंद ठेवलेला बरा. तो मुख्यतः चेहरा गुळगुळीत करतो, हात तसाच ठेवतो. मग चेहरा एकाचा आणि हात दुसऱ्याचा असे वाटते.

ऊन गेले, फोटो हाच आहे. आता?

आता एडिटिंग. येथे स्नॅपसीड हे मोफत ॲप घेतले आहे. ॲपच्या आवृत्तीनुसार बटणांची जागा थोडी इकडेतिकडे असू शकते, टूलची नावे तीच आहेत. फोटो मूळ आकाराचा हवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत वापरू नका, कारण तिच्यातला बारीक तपशील आधीच दाबलेला असतो.

सुरुवात करण्याआधी हात नीट पाहा. गच्चीवरच्या फोटोत तीन प्रकारचे केस आहेत. कडेला बाहेर आलेले आणि उजेडात चमकणारे केस हा पहिला प्रकार. कोपर ते मनगट या भागातले काळे, लांब केस हा दुसरा. दंडावरची बारीक लव हा तिसरा. तिघांना एकच उपाय चालत नाही, आणि लव तर तशीच सोडायची आहे. ती त्वचेच्या पोताचाच भाग असते. ती गेली की दंड मेणाचा दिसू लागतो.

पहिली पायरी: कडेची झालर

फोटो खूप मोठा करा, इतका की मनगट ते कोपर हा भाग स्क्रीनभर येईल. “Healing” निवडा. या टूलमध्ये ब्रशचा आकार वेगळा बदलावा लागत नाही. फोटो जितका मोठा कराल, तितकी बोटाखालची जागा लहान होते.

Healing नेमके काय करते, ते कळले की चुका टळतात. तुम्ही बोट फिरवलेली जागा ते काढून टाकते आणि आजूबाजूचा तुकडा आणून तेथे बसवते. मागे नुसते आकाश असेल, तर आकाश उचलले जाते आणि काम सोपे होते. बोट हाताच्या कडेवर चढले, तर मात्र कुठून काय उचलायचे याचा गोंधळ उडतो. आकाशाचा तुकडा हातात घुसतो किंवा हात आकाशात सांडतो आणि कड नागमोडी होते.

म्हणून केसाच्या टोकापासून सुरुवात करा आणि त्वचेच्या किंचित अलीकडे थांबा. एका वेळी एकच केस, एकच छोटा फटकारा. सगळी झालर काढू नका. लांब, वाकडे, एकटे बाहेर आलेले केस काढा आणि आखूड तसेच ठेवा. हाताच्या कडेला उजेडाची जी बारीक सोनेरी रेघ आहे, तिच्यामुळेच हा फोटो संध्याकाळचा वाटतो. ती पुसली गेली, तर हात कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसेल. उदाहरणातल्या फोटोत असे वीसेक केस काढले, तरी झालर नजरेत भरेनाशी होते.

दुसरी पायरी: काळ्या रेघा फिक्या करणे

आता हाताच्या वरच्या बाजूचे केस. येथे लगेच Healing वापरण्याचा मोह होतो. पण पन्नास-साठ केस एकेक करून काढले, की त्वचेचे तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा बसवले जातात आणि हातावर ठिगळे दिसू लागतात. त्यामुळे आधी फरक कमी करायचा.

“Selective” निवडा आणि कोपर-मनगटाच्या मधोमध त्वचेवर टॅप करा. तेथे एक बिंदू येईल. दोन बोटांनी त्याचा घेर हाताच्या रुंदीएवढा करा. कुठवर परिणाम होणार, तो भाग लाल दिसतो. हे टूल बिंदूखालच्या रंगाशी मिळताजुळता भाग निवडते, त्यामुळे शेजारच्या हिरव्या कुर्त्यावर परिणाम फारसा होत नाही. बोट वर-खाली सरकवून “Structure” आणा आणि डावीकडे ओढत उणे 25 ते उणे 35 पर्यंत न्या. मग “Contrast” उणे 10 च्या आसपास. तसाच एक बिंदू कोपराजवळ आणि एक मनगटाजवळ द्या, पण तेथे आकडे निम्मे ठेवा.

हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. तुमच्या फोटोत किती लागेल ते त्वचेकडे पाहून ठरवा. Structure उणे करत जा आणि छिद्रे, बारीक सुरकुत्या दिसेनाशा होऊ लागल्या, की तेथून थोडे मागे या. केस तेव्हाही दिसतील, पण काळ्या रेघांऐवजी तपकिरी छटा म्हणून. तेच हवे आहे.

“Brightness” ला शक्यतो हात लावू नका. हात उजळला, की केस कमी दिसल्यासारखे वाटतात, पण हात चेहऱ्यापेक्षा गोरा होतो आणि उजेड कुठून येतो आहे याचा मेळ तुटतो. हाताची आतली बाजू सावलीत आहे म्हणूनच तो गोल दिसतो. ती सावली राहायला हवी.

तिसरी पायरी: उरलेले मोजके केस

आता फोटो पुन्हा साध्या आकारात पाहा. अजूनही नजर ज्या केसांवर अडकते, तेवढेच Healing ने काढा. बहुधा ते दहा-पंधरा असतात. केस ज्या दिशेने वाढला आहे, त्याच दिशेने छोटा फटकारा द्या आणि प्रत्येक वेळी निकाल पाहा. तुकडा चुकीचा बसला, तर लगेच मागे घ्या आणि थोडा वेगळा फटकारा मारून पाहा.

केस सगळीकडे सारखे विरळ व्हायला हवेत. मनगटापाशी दाट आणि वर एकदम काहीच नाही, अशी सीमारेषा दिसली, तर ती केसांपेक्षाही आधी डोळ्यांत येते.

काय काढायचे नाही?

Healing ला केस आणि खूण यांतला फरक कळत नाही. डाव्या दंडावरचा बीसीजी लशीचा व्रण आपल्याकडे बहुतेकांना असतो आणि स्लीव्हलेसमध्ये तो दिसतोच. तीळ, जन्मखूण, गोंदण, लहानपणी पडल्याची खूण या सगळ्या त्या माणसाच्या असतात. घरच्यांना त्या ठाऊक असतात. फोटोतून त्या गेल्या, तर नेमके काय बदलले ते सांगता येत नाही, पण ‘ही तू वाटत नाहीस’ असे ऐकायला मिळते. तिळाच्या जवळचा केस काढताना तर तीळ उचलला जाऊन शेजारी दुसरा उमटतो. मेहंदी असेल, तर नक्षीवरच्या केसांना Healing लावूच नका. रेघा तुटतात आणि त्या पुन्हा जुळत नाहीत.

एक गोष्ट दुचाकीवरून रोज जाणाऱ्यांसाठी. सनकोट न घालता गाडी चालवली, तर मनगट ते कोपर हा भाग उन्हाने काळवंडतो आणि नेहमी बाहीखाली राहणारा दंड उजळ राहतो. स्लीव्हलेसमध्ये हे दोन रंग शेजारी येतात. उजळ त्वचेवर केस जास्त उठून दिसतो, म्हणून दंडावरचे थोडेसे केसही नजरेत येतात. तेथे Selective चा वेगळा बिंदू द्या. खालच्या भागाचाच बिंदू मोठा करून वर ताणला, तर रंग वेगळा असल्याने तो नीट पकडला जात नाही. दोन्ही रंग एकसारखे करण्याच्या फंदात पडू नका. तो केसांचा प्रश्न नाही.

बिघडले, हे कसे ओळखायचे?

फोटो सेव्ह करण्याआधी मोबाइल हातभर लांब धरून पाहा, नंतर मोठा करून पाहा. चार ठिकाणी नजर टाका.

पहिली, हाताची कड. ती सरळ वाहते आहे, की मध्येच वाकडी झाली आहे? दुसरी, गळा आणि हात यांची त्वचा. गळ्यावर छिद्रे आणि बारीक रेषा दिसत आहेत आणि हातावर नाहीत, असे असेल, तर Structure जास्त उणे झाले आहे. तिसरी, कोपर आणि मनगटाच्या घड्या. त्या असायलाच हव्यात. चौथी, घड्याळ किंवा बांगडीची हातावर पडलेली सावली. ती अर्धी पुसली गेली असेल, तर Healing तिच्यावरून गेले आहे.

चूक सापडली, तर सगळे पुन्हा करायची गरज नाही. स्नॅपसीडमध्ये “View edits” उघडले, की केलेल्या पायऱ्यांची यादी दिसते. Selective ची पायरी निवडून तिचे आकडे कमी करता येतात किंवा ब्रशने ती फक्त हातापुरती ठेवता येते. मूळ फोटो मात्र वेगळा जपून ठेवा आणि बदललेला फोटो प्रत म्हणून सेव्ह करा.

त्वचा थोडी जास्तच मऊ झाली आहे असे वाटले, तर शेवटी सगळ्या फोटोला धार देऊ नका. धार देताच फिके केलेले केस परत येतात. Structure पाच-दहा आकड्यांनी परत घेणे हाच सुरक्षित मार्ग.

पाठवताना आणि छापताना

व्हॉट्सॲप फोटो लहान करते आणि दाबते. त्यात बारीक पोत सगळ्यात आधी जातो. तुम्ही आधीच त्वचा फार गुळगुळीत केलेली असेल, तर दाबल्यानंतर तिच्यावर डाग-डाग दिसू लागतात. म्हणून एडिट करताना थोडे कमीच करा. पाठवताना एचडी निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

अल्बममध्ये मोठा छापायचा असेल, तर हिशेब उलटा होतो. मोबाइलवर न दिसणारी ठिगळे 12 बाय 18 इंचांच्या पानावर स्पष्ट दिसतात. अशा फोटोचे काम स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर करून घेतलेले बरे. तेथे सांगताना ‘हात क्लीन करा’ एवढेच सांगू नका. ‘केस थोडे फिके करा, त्वचेचा पोत तसाच ठेवा, व्रण आणि तीळ काढू नका, हात उजळ करू नका’ असे चार शब्द जास्त सांगा.

कुठे थांबावे लागते?

प्रत्येक फोटो सुधारत नाही. रात्री लॉनवरच्या दिव्यांत काढलेल्या फोटोत आधीच दाणेदारपणा असतो. केस आणि दाणे एकमेकांत मिसळतात, केस फिके करायला जावे, तर त्वचा चिखलासारखी होते. केस दाट असतील आणि ऊन बाजूने असेल, तर वरच्या तीन पायऱ्यांनी फरक पडतो, पण केस दिसत राहतात. तेथे आणखी जोर लावण्यापेक्षा हात थोडा वळलेला दुसरा फोटो निवडावा.

आणि फोटो दुसऱ्याचा असेल, तर आधी विचारायला हवे. गच्चीवरच्या धाकटीने स्वतः सांगितले म्हणून ताईने हाताला हात लावला. तिने काही म्हटलेच नसते आणि ताईने न विचारता केस पुसून फोटो घरच्या ग्रुपवर टाकला असता, तर धाकटीला पहिल्यांदाच कळले असते, की आपल्या हातात कुणाला काही खटकते. उदाहरणातल्या फोटोत शेवटी काय झाले? वीसेक केस कडेचे गेले, बारा हातावरचे गेले, बाकीचे फिके होऊन राहिले. व्रण जागेवर, सोनेरी कड जागेवर. धाकटीने फोटो मोठा करून पाहिला आणि तिची नजर हातावर न थांबता चेहऱ्याकडे गेली. काम झाले, हे ओळखायची खूण तीच.